पाच हजारांत पहिला महिना: बारा गाऊन आणि एक वही

प्रश्न: "मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहते. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, मुलगा शाळेत. दुपारचे दोन-अडीच तास मोकळे मिळतात. घरबसल्या ऑनलाइन रीसेलिंग करायचंय. साठवलेले ५,००० रुपये आहेत, त्यापुढे एक रुपया घालता येणार नाही. साड्या, कुर्ती, इमिटेशन ज्वेलरी, सगळ्यांचे ग्रुप जॉइन केलेत, पण सुरुवात कुठून करू कळत नाही. पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं?"

ताई, रक्कम लहान आहे म्हणून घाबरू नका. पहिल्या महिन्याला ती पुरते. धोका आहे तो ती अडकून बसण्याचा. आमच्या धंद्यात बायका बंद पडतात त्या बहुतेक तोट्याने नाही पडत. कपाटात न खपलेला माल असतो, बिल्डिंगमध्ये उधारी असते, आणि नवीन माल आणायला हातात काही नसतं. म्हणून पहिल्या महिन्यात मी एकच गोष्ट साधायला सांगेन: तेच पैसे निदान दोनदा फिरले पाहिजेत. नफा त्याच्या मागून येतो, आणि तो थोडाच असतो, हेही आत्ताच ऐकून ठेवा.

दोन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून कळणार नाहीत. एक म्हणजे तुम्हाला चेहऱ्याने ओळखणाऱ्या बायका किती. सोसायटी, मुलाच्या शाळेतल्या आया, भिशी, माहेरचं गाव, सगळं धरून शंभरएक नावं निघत असतील तर खाली सांगते तो बेत तसाच चालेल. नुकतंच राहायला आला असाल आणि वीस-पंचवीस जणीच ओळखत असतील, तर बारा नगांऐवजी सहाच घ्या आणि महिन्याचा दीड महिना धरा. दुसरं म्हणजे तुमचा महिना कोणता. पितृपक्षात बऱ्याच घरांत नवीन कपडा घेत नाहीत, त्या पंधरवड्यात पहिला माल आणू नका. तोवर बाजार बघून घ्या.

आता ते ग्रुप. तिथले फोटो सुरतहून निघतात आणि पाच-सात हातांतून तुमच्यापर्यंत येतात. तुमच्या सोसायटीत आणखी दोघी-तिघींकडे तेच फोटो असतात. पैसे लागत नाहीत म्हणून हा मार्ग सोपा वाटतो, पण ज्या कापडाला तुम्ही हात लावलेला नाही त्याची हमी तुम्ही शेजारणीला देत असता. रंग वेगळा निघाला की पुरवठादार "नो रिटर्न" म्हणून मोकळा होतो आणि शेजारीण तुमच्या दारात येते. ज्या अ‍ॅपवर कंपनीच परस्पर माल पोचवते तिथे हा त्रास कमी, पण गिऱ्हाईक तोच फोटो त्याच अ‍ॅपवर शोधून तुमच्या मार्जिनशिवाय मागवू शकतं. तेव्हा ग्रुप सोडू नका, फक्त भाव कळायला आणि फोटो कसे काढतात ते बघायला ठेवा. पहिला महिना हातात धरता येईल असा थोडासा माल, एकाच जातीचा. विक्री फोनवरून, पोच शक्यतो हाताने.

कुठला माल, तर माझं मत सुती गाऊन. साडीत पाच हजारांत फार तर सहा-सात नग येतात, आणि साडी घेणारीला समोर पंचवीस तरी दिसल्याशिवाय तिचं मन भरत नाही. कुर्तीत खांदा, बाही, कंबर अशी तीन ठिकाणं चुकू शकतात. इमिटेशन ज्वेलरीत पैसे कमी लागतात, पण पॉलिश उतरलं की परत येते आणि तो नग मग कुणालाच चालत नाही. खाण्याच्या वस्तूला एफएसएसएआयची नोंदणी लागते, ती भानगड पहिल्या महिन्यात नको. गाऊन रोज अंगावर असतो, फाटतो, विटतो, वर्षाला दोन-तीन लागतातच. सणवार बघावा लागत नाही. किंमत इतकी की बाई घरात कुणाला न विचारता घेते. आणि सैल कपडा असल्यामुळे मापाची बाब दोन आकड्यांवर मिटते, छाती आणि उंची.

पहिल्या आठवड्यात माल घ्यायचा नाही. फक्त एक नमुना घ्यायचा. त्याआधी ओळखीच्या दहा-बारा जणींना एकच प्रश्न विचारा: "तुमचा आवडता रोजचा गाऊन जमिनीवर सपाट पसरा आणि काखेपासून काखेपर्यंत टेपने मोजून सांगा, आणि खांद्यापासून खालपर्यंत किती तेही." अंगाचं माप विचारू नका, बायका संकोचतात आणि चुकीचं सांगतात. कपड्याचं माप विनासंकोच मिळतं. काखेपासून काखेपर्यंत २३ इंच आलं तर गोलाई ४६. हे आकडे वहीत नावापुढे लिहा. याचा फायदा असा की एक्सएल, डबल एक्सएल हे शिक्के प्रत्येक कारखान्याचे वेगळे असतात, एकाचा एक्सएल ४४ चा तर दुसऱ्याचा ४८ चा. तुम्ही शिक्क्यावर विकायला लागलात की परत येणारच. इंचावर विकलंत तर क्वचित. शिवाय कुठलं माप जास्त लागणार याचा अंदाज माल घेण्याआधीच येतो. बहुतेक बायका गाऊन मापापेक्षा सैल घेतात, त्यामुळे मोठी मापं आधी संपतात आणि एम, एल पडून राहतात.

मग बाजार. गाडी नेऊ नका, सिटीलिंकच्या बसने शालिमारला उतरा आणि मेन रोड, दहीपूल, भद्रकालीच्या गल्ल्या चालत फिरा. पहिल्या फेरीत निदान चार दुकानांत नुसते भाव विचारा. होलसेलवाला साधारण सेटमध्ये देतो, म्हणजे एकाच प्रिंटमध्ये सगळ्या साइझ. तुम्हाला तो सेट नकोय, कारण त्यातला एम तुमच्या गळ्यात पडणार. तेव्हा विचारायचं ते असं: "सेट तोडून मिक्स नग देता का? किमान किती नग? भावात जीएसटी धरलाय का वर लागेल? शिलाईत खोट निघाली तर बदलून द्याल का? साइझ नाही खपली तर किती दिवसांत बदलून मिळेल?" भाव पाच-दहा रुपयांनी जास्त असला तरी चालेल, पण शेवटच्या प्रश्नाला "आठ दिवसांत आणा, शिक्का आणि घडी शाबूत असेल तर बदलतो" म्हणणारा दुकानदार पकडा. थोड्या भांडवलाला तोच खरा आधार. आणि बिल पक्कं घ्या. त्याशिवाय बदलून घेताना तोंडाला तोंड लागतं.

तिथे कापडांची नावं ऐकू येतील. जेतपूर आणि जयपूरची छापील सुती कापडं असतात, अल्पाइन म्हणून एक जरा गुळगुळीत कापड असतं, आणि बनियनसारखं ताणलं जाणारं होजियरी. सुरुवात सुतीने करा. पावसाळा असेल तर दोन-तीन नग पातळ, पटकन वाळणाऱ्या कापडाचे घ्या, कारण आपल्याकडच्या त्या दमट दिवसांत सुती जाड कापड दोन-दोन दिवस वाळत नाही आणि बायका स्वतःहून "पटकन वाळणारा आहे का" विचारतात.

ज्या दुकानातून माल घ्यायचं मनात आहे तिथून एकच नग घ्या. किरकोळ भावाने दिला तरी चालेल. गडद रंगाचा घ्या, कारण खोट तिथेच कळते. घरी आल्यावर पांढरा रुमाल ओला करून पिळा आणि गाऊनच्या कडेला आतून दहा-बारा वेळा घासा. रुमालावर फिकट छटा आली तर बहुतेक सुती छापाला पहिल्या धुण्यात तेवढं चालतं. ठसठशीत रंग उतरला तर ते दुकान सोडा. मग छाती आणि उंची मोजून लिहा, साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा आणि पुन्हा मोजा. ५६ इंचाचा ५५ झाला तर ठीक. ५४ च्या खाली गेला तर उंच बाईला तो घोट्याच्या वर जाणार आणि तक्रार येणार. आकसण्याचा हा आकडा तुमचा विक्रीचा मुद्दाच होतो: "धुतल्यावर इंचभर कमी होतो, मी धुऊन बघितलाय" असं सांगणारी विक्रेती दुसरी नसते. बाकी बघायचं ते थोडंच. उजेडासमोर धरून आरपार दिसतं का, बाजूच्या शिलाईला आतून ओव्हरलॉक आहे का, चेन अडकते का, खिसा आहे का. खिसा नसला की निम्म्या जणी घेत नाहीत, मोबाइल कुठे ठेवणार? हा नमुना मग विकायचा नाही. तो तुम्ही स्वतः घाला. त्याचे पैसे मी खाली धंद्याच्या हिशेबात धरलेले नाहीत, घरखर्चात धरलेत. तुमच्या पाच हजारांतूनच तो जाणार असेल तर तेवढे कमी धरून चला.

दुसऱ्या आठवड्यात बारा नग. पाच हजारांतले निम्मेच काढायचे. भाव रोज बदलतात, म्हणून हा हिशेब उदाहरण म्हणून घ्या. नग १९० रुपयांना पडला, जीएसटी धरून. बारांचे २,२८०. बसभाडं आणि फिरण्याचं १००, पिशव्या आणि चिकटपट्टी १२०. झाले २,५००, म्हणजे नगाला २०८ रुपये. पुष्कळ जणी १९० हाच खर्च धरतात आणि तिथेच फसतात. मापात तीन एल, चार एक्सएल, पाच डबल एक्सएल, आणि तुमच्या वहीतले इंच वेगळं सांगत असतील तर वहीचं ऐका. प्रिंटमध्ये गडद आठ, फिकट चार. क्रीम, पिस्ता रंग फोटोत छान दिसतात, पण स्वयंपाकघरात वावरणारी बाई मरून आणि नेव्ही ब्लू आधी उचलते.

विकायचा भाव ३००. तसलाच गाऊन तुमच्या भागातल्या दुकानात किती आहे ते बघून घ्या, तिथे ३४०-३५० असेल तर ३०० बसतो. २५० ला देऊन भरपूर विकू, असा मोह होईल. तो टाळा, आणि का ते आकड्यात बघा. ३०० ला नगामागे ९२ राहतात, म्हणजे एक नग वाया गेला तर दोन-अडीच गाऊनच्या नफ्यात भरून निघतो. २५० ला ४२ राहतात, तेव्हा एका वाया गेलेल्या नगापायी पाच गाऊन फुकट विकल्यासारखे होतात. बारा नगांच्या धंद्यात एखादा तरी नग वाया जातोच. भाव कमी करायला जागा ठेवा ती दोन घेणारीसाठी. "दोन घेतले तर ५८०" म्हणा, त्यापुढे घासाघीस नाही.

फोटो सकाळी खिडकीच्या उजेडात, दाराला हँगर अडकवून. ट्यूबलाइटखाली मरून रंग तपकिरी येतो आणि मग "फोटोत वेगळा होता" सुरू होतं. एका गाऊनचे तीन फोटो पुरतात: पूर्ण, कापड जवळून, आणि छातीवर टेप ठेवलेला. खाली मजकूर साधा लिहा: "सुती, छाती ४६, उंची ५५, खिसा आहे, चेन आहे, ३०० रुपये, एकच नग." शेवटचे दोन शब्द खरे आहेत म्हणून ते चालतात.

व्हॉट्सअ‍ॅपचं बिझनेसवालं अ‍ॅप घ्या, फुकट आहे. त्यात कॅटलॉगमध्ये फोटो राहतात आणि प्रत्येक चॅटला लेबल लावता येतं, "बोलणं चालू", "पैसे बाकी", "पोचवलं". ब्रॉडकास्ट लिस्टबद्दल एक गोष्ट नवीन बायकांना माहीत नसते: ज्यांनी तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. त्यामुळे दीडशे जणींना पाठवला आणि तिघींचं उत्तर आलं, तर माल वाईट आहे असं लगेच समजू नका. आधी प्रत्येकीला वेगळा मेसेज करून नंबर सेव्ह करायला सांगा. सोसायटीच्या ग्रुपवर मात्र रोज फोटो टाकू नका. आठवड्यातून एकदा, ग्रुपच्या अ‍ॅडमिनला विचारून. बाकी स्टेटसवर, दिवसाला तीन-चार प्रिंट, त्याहून जास्त कुणी बघत नाही. स्टेटस कितीजणींनी बघितलं हे रात्री बघून वहीत लिहा. साठ जणींनी बघितलं आणि कुणी विचारलंच नाही तर फोटो किंवा भाव चुकतोय. विचारलं दहा जणींनी आणि घेतलं एकीने, तर बहुधा माप जुळत नाहीये.

आता उधारी, कारण ओळखीत विकायचं म्हणजे ती येणारच. पाच हजारांच्या धंद्यात पाच गाऊन उधार गेले की १,५०० रुपये अडकले, म्हणजे पुढची खरेदी अर्धी झाली. शेजारीण म्हणेल, "पगार झाला की देते गं." तिला तोडून बोलायची गरज नाही. "हो ताई, तुमच्यासाठी हा बाजूला काढून ठेवते, पगार झाला की घेऊन जा," एवढं म्हणा. नग तुमच्याकडेच राहतो आणि नातंही. पण तो तारखेपर्यंतच ठेवायचा, नंतर दुसरीला. अगदी जवळच्या एखादीला उधार द्यावंच लागलं तर महिन्यात एक, आणि वहीत तारीख टाकून तिच्यासमोर लिहायचं. फोनवरून "माझ्यासाठी ठेव" म्हणणारीला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुदत. पैसे आधी ज्या पाठवतील त्यांचा नग, हा नियम पहिल्या दिवशी स्टेटसवर लिहून टाका म्हणजे नंतर रुसवेफुगवे नकोत.

पैसे यूपीआयने आले की स्क्रीनशॉट बघून नग देऊ नका, खोटे स्क्रीनशॉट सर्रास बनतात. स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसली की मगच द्या. आणि अनोळखी माणूस "मोठी ऑर्डर आहे, पैसे घ्यायला हा क्यूआर स्कॅन करा" म्हणाला तर तिथेच ब्लॉक करा. पैसे घ्यायला पिन कधीही लागत नाही, असा क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. शक्य असेल तर धंद्याचं खातं घरखर्चापासून वेगळं ठेवा. एकाच खात्यात दूधवाला आणि गाऊन दोन्ही असले की महिन्याअखेर काही कळत नाही.

पोचवायचं कसं? पाथर्डी फाटा, इंदिरानगर, सिडको हा पट्टा तुमच्या हाताशी आहे, तिथे बुधवारी आणि शनिवारी असे दोन वार ठरवून एका फेरीत सगळे नग द्या. नाशिकरोड किंवा पंचवटीहून कुणी एक गाऊन मागितला तर त्यासाठी गाडी काढू नका. ९२ रुपयांतले निम्मे पेट्रोलला जातात आणि दुपार गेली ती वेगळीच. त्यांना दोन नगांवर घरपोच सांगा, नाहीतर मेन रोडला जाल त्या दिवशी शालिमारला भेटून द्या. पुण्याच्या बहिणीला, नणंदेला पाठवायचा असेल तर पोस्ट किंवा कुरिअर, खर्च घेणारीचा, आणि तो भावात न मिसळता वेगळा सांगायचा. पार्सल आधी घरी वजन करा. कुरिअरवाले बहुतेक अर्ध्या किलोच्या टप्प्याने पैसे लावतात. एक सुती गाऊन त्यात सहज बसतो, दोन झाले की बऱ्याचदा थोडक्यात पुढच्या टप्प्यात जातात. खोका वापरू नका. खोक्याचं आकारमान वजनात धरलं जातं, प्लॅस्टिकच्या कुरिअर बॅगेत सपाट घडी करून पाठवा. परत घेण्याचा नियम एकच ठेवा: शिलाईची खोट असेल तर दोन दिवसांत बदलून, धुतलेला परत नाही.

समजा दोन आठवडे संपताना बारांतले नऊ गेले. आठ जणींचे पैसे आले, एकीची उधारी. पाचही डबल एक्सएल पहिल्या चार दिवसांत गेले, एक एल गेला, एक्सएल तीन. उरले दोन एल आणि एक एक्सएल, तिन्ही फिकट. इथे वहीचं काम सुरू होतं. तिसऱ्या आठवड्याच्या खरेदीत सगळा पैसा घालू नका आणि नवीन जात आणू नका. जे विचारलं गेलं आणि नव्हतं तेवढंच आणा. दहा नग, सहा डबल एक्सएल, चार एक्सएल, सगळे गडद. दुकानदाराने आठ दिवसांची मुदत दिली असेल तर फिकट नग आधीच नेऊन बदलून घ्या. मुदत टळली असेल तर ते तुमचे. दहा नगांचे १,९०० आणि वरखर्च २००, म्हणजे २,१००.

चौथ्या आठवड्यात नवीन खरेदी नाही. फक्त विकायचं, उधारी वसूल करायची आणि पडून राहिलेले काढायचे. दहांतले आठ गेले असं धरू. जुने दोन एल २२० ला दिले, जेमतेम खर्च निघेल अशा भावात. ते ३०० ला अडून ठेवण्यापेक्षा ४४० रुपये हातात आलेले बरे, कारण त्या ४४० मधून दोन डबल एक्सएल येतात आणि ते चार दिवसांत जातात.

हिशेब बघा. विकले १९ नग: १७ गुणिले ३०० म्हणजे ५,१००, आणि दोनाचे ४४०, एकूण ५,५४०. त्या १९ नगांची खरेदी ३,६१०. दोन फेऱ्यांचा वरखर्च ४२०. नफा १,५१०. हातात रोख किती? ५,००० मधून ४,६०० गेले, ५,५४० पैकी ३०० अजून उधार, म्हणून ५,२४० आले. रोख ५,६४०, कपाटात ५७० रुपयांचे तीन नग, आणि एकीकडे ३०० येणं. तिन्ही मिळवून ६,५१०, त्यातून सुरुवातीचे ५,००० गेले की १,५१० उरतात, म्हणजे हिशेब जुळला. दर महिन्याला तो असा दोन बाजूंनी करा. नाही जुळला तर कुठेतरी नग दिलाय आणि लिहिलेला नाही.

दोन तास रोजचे धरले तर महिन्याचे साठ तास झाले. १,५१० म्हणजे तासाला पंचवीस रुपये. मी हे लपवत नाही, कारण "महिन्याला पंचवीस हजार" असल्या जाहिराती तुमच्याही फोनवर येत असतील. डिपॉझिट भरा, ट्रेनिंग घ्या, मग माल देतो म्हणणाऱ्यांना एक रुपया देऊ नका. दुसऱ्या महिन्यात तेवढ्याच वेळात जास्त निघतं, कारण माप विचारायला, दुकान शोधायला, नंबर सेव्ह करून घ्यायला लागलेला वेळ पुन्हा लागत नाही. पण किती निघेल ते एका आकड्यावर आहे, आणि तो पहिल्याच महिन्यात वहीत दिसतो: १९ नगांपैकी किती नग दुसऱ्यांदा घेणारीने किंवा कुणीतरी पाठवलेल्या नवीन बाईने घेतले. चार-पाच असतील तर पुढे जा. सगळे नग पहिल्यांदाच, ओळखीखातर गेले असतील, तर नफा असूनही थांबून विचार करा, कारण ओळखी संपतात.

कायद्याचं थोडं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकताना वर्षाची उलाढाल ४० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, तुम्ही तिथून फार लांब आहात. पण राज्याबाहेर माल विकला की ही सूट लागू होत नाही, नोंदणी लागते. म्हणजे पुण्याच्या नणंदेला गाऊन पाठवा, सुरतच्या किंवा बंगळुरूच्या गिऱ्हाइकाला सध्या नाही म्हणा. पुढे मोठ्या ऑनलाइन बाजारावर विकावंसं वाटलं तर ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्यांनाही तिथे राज्यातल्या राज्यात विकता येतं. त्यासाठी पॅनवर जीएसटी पोर्टलवरून एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. लहान धंद्यांची उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत आहे. पहिल्या महिन्यात ती नसली तरी अडत नाही, आणि कुणी तिचे हजार रुपये मागितले तर देऊ नका.

दुसऱ्या महिन्यात ६,५१० मधला नफा घरात वापरू नका, तोही फिरवा. नवीन जात आणायची झाली तर कुर्ती किंवा साडीकडे उडी नको. गाऊन घेणारीच आणखी काय मागते ते वहीत बघा. बहुधा परकर निघेल, कारण फिकट गाऊनला आत तोच लागतो. त्याचं माप मात्र कंबरेचं आणि कंबरेपासून खालच्या उंचीचं, ते वहीत नाही, आधी विचारून लिहा. सहा नगांपासून सुरू करा. कपाटातले ते तीन गाऊन पुढच्या भिशीला घेऊन जा. हातात कापड आलं की फोटोत न आवडलेला पिस्ता रंगही एखादीला आवडतो.